फोटोतल्या ताळेबंदावरून गुणोत्तरांचा तक्ता: आकडे उतरवण्यापासून सूत्र लिहिण्यापर्यंत

डेट-इक्विटी रेशो ०.४३, ०.७२ आणि १.२५. तिन्ही उत्तरे एकाच ताळेबंदातून, एकाच तारखेची, आणि तिन्ही बरोबर. पहिल्यात फक्त दीर्घ मुदतीचे कर्ज धरले आहे, दुसऱ्यात त्यात अल्प मुदतीचे कर्ज मिळवले आहे आणि तिसऱ्यात कंपनीची सगळी देणी घेतली आहेत. शेजारी सूत्र लिहिलेले नसेल, तर वाचणाऱ्याला यातले नेमके कोणते उत्तर आपल्यासमोर आहे हे कळायला काही मार्ग नसतो. मग तो दुसऱ्याच सूत्राने काढलेल्या गेल्या वर्षीच्या आकड्याशी त्याची तुलना करतो आणि कर्ज वाढले की कमी झाले यावर नसता वाद सुरू होतो.

ताळेबंद आणि नफातोटा पत्रक फोटोच्या रूपात हाती आले की आणखी एक अडचण वाढते: आकडे उतरवतानाच चुकू शकतात. एकदा चुकलेला आकडा सुबक तक्त्यात जाऊन बसला की तो बरोबर आकड्याइतकाच विश्वासार्ह दिसतो. म्हणून कामाचा निम्मा वेळ आकडे खरे आहेत ना हे पाहण्यात घालवावा आणि उरलेला सूत्रे ठरवण्यात. भागाकार करायला तशी दहा मिनिटेही लागत नाहीत.

## आधी मथळा वाचा

फोटो उघडल्यावर नजर थेट आकड्यांकडे जाते. ती पानाच्या माथ्याकडे न्या आणि चार गोष्टी लिहून घ्या: ताळेबंद कोणत्या तारखेचा आहे, नफातोटा पत्रक किती महिन्यांचे आहे, आकडे कोणत्या एककात आहेत, आणि पत्रके एकट्या कंपनीची आहेत की उपकंपन्यांसह एकत्रित.

एककाबाबत एक गंमत आहे. ताळेबंद हजारांत आणि नफातोटा पत्रक लाखांत असेल, तर एकाच पत्रकातल्या आकड्यांवरची गुणोत्तरे अगदी बरोबर येतात. करंट रेशो बरोबर, नफ्याचे मार्जिन बरोबर. पण जिथे एक आकडा ताळेबंदातला आणि दुसरा नफातोट्यातला असतो, तिथे उत्तर शंभर पटींनी चुकते. एवढी मोठी चूक निदान डोळ्यात भरते. एकट्या कंपनीचा ताळेबंद आणि एकत्रित नफातोटा पत्रक यांची सरमिसळ झाली, तर मात्र उत्तरे पटण्यासारखी येतात आणि चूक तशीच राहते. नफातोटा पत्रक सहा महिन्यांचे असेल आणि दिवसांच्या सूत्रात ३६५ घातले, तरी तेच होते.

मथळा फोटोत कापला गेला असेल तर अंदाज बांधत बसू नका, पुन्हा फोटो मागवा. मागवताना सांगा: प्रत्येक पानाचा वेगळा फोटो, चारही कडा दिसतील असा, कॅमेरा पानाच्या बरोबर वर, फ्लॅश बंद. जाड अहवालाची बांधणीकडची बाजू आत वळते आणि तिथला रकाना आक्रसतो, म्हणून पान दाबून सपाट करायला सांगा. जमल्यास टिपांची पानेही मागवा. कर्जाचा आणि मालसाठ्याचा तपशील तिथेच असतो.

## आकडे उतरवणे

फोटोतून मजकूर वाचणारी साधने आता फोनमध्येच असतात, आणि एक्सेलमध्येही चित्रातून तक्ता घेण्याची सोय आहे. पान स्वच्छ आणि सरळ असेल तर ती वापरा. पण दोन्ही पत्रकांत मिळून तीस-पस्तीस ओळी असतील, तर माझे मत हाताने टाइप करण्याच्या बाजूने आहे. यंत्राने वाचलेला प्रत्येक आकडा नंतर फोटोशी ताडून पाहावाच लागतो, आणि टाइप करताना ते काम आपोआप होऊन जाते.

चार रकाने करा: ओळीचे नाव, टीप क्रमांक, चालू वर्ष, मागील वर्ष. ओळीचे नाव छापले आहे तसेच लिहा, स्वतःच्या सोयीचे नाव देऊ नका. टीप क्रमांकाचा रकाना रिकामा राहिला तरी ठेवा, कारण यंत्र बऱ्याचदा तो क्रमांक शेजारच्या आकड्याला चिकटवते आणि टीप १२ मधले ३१० हे १२,३१० होऊन बसतात. कंसातला आकडा ऋण असतो, तो उणे चिन्हाने लिहा.

पुढे वापरण्यासाठी एका उत्पादक कंपनीचे नमुना आकडे घेऊ. हे आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत. सगळे हजारांत आहेत आणि नफातोटा पत्रक पूर्ण वर्षाचे आहे.

| ताळेबंद | चालू वर्ष | मागील वर्ष |
|---|---:|---:|
| स्थावर मालमत्ता व यंत्रसामग्री (घसारा वजा जाता) | ४,८२० | ४,५१० |
| दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकी | ३८० | ३८० |
| मालसाठा | २,१६० | १,७४० |
| व्यापारी येणी | १,८९० | १,५३० |
| रोख व बँक शिल्लक | ३१० | ४६० |
| इतर चालू मालमत्ता | २४० | २२० |
| एकूण मालमत्ता | ९,८०० | ८,८४० |
| भागभांडवल | २,००० | २,००० |
| राखीव निधी व शिल्लक नफा | २,३५० | १,९३० |
| दीर्घ मुदतीचे कर्ज | १,८५० | २,०५० |
| स्थगित कर देणे | २०० | १८० |
| अल्प मुदतीचे कर्ज | १,३०० | ९०० |
| व्यापारी देणी | १,६२० | १,३८० |
| इतर चालू देणी | ४८० | ४०० |
| एकूण निधी व देणी | ९,८०० | ८,८४० |

| नफातोटा पत्रक | चालू वर्ष | मागील वर्ष |
|---|---:|---:|
| विक्री | १२,६०० | ११,२०० |
| इतर उत्पन्न | ६० | ५० |
| वापरलेल्या साहित्याचा खर्च | ८,४३० | ७,२९० |
| तयार व अर्धवट मालाच्या साठ्यातील बदल | (२४०) | (१२०) |
| कर्मचारी खर्च | १,४८० | १,३४० |
| घसारा | ५२० | ४८० |
| वित्तीय खर्च | ३३० | २९० |
| इतर खर्च | १,३८० | १,२५० |
| एकूण खर्च | ११,९०० | १०,५३० |
| करपूर्व नफा | ७६० | ७२० |
| कर | १९० | १८० |
| करोत्तर नफा | ५७० | ५४० |

ताळेबंदात चालू मालमत्तेची छापील बेरीज ४,६०० आणि चालू देण्यांची ३,४०० आहे. मागील वर्षी त्या ३,९५० आणि २,६८० होत्या.

## बेरीज जुळवा, आणि जुळली नाही तर फरक वाचा

छापील बेरजाही आकडा म्हणून उतरवा आणि शेजारी स्वतःची बेरीज मांडून दोन्हींतला फरक काढा. चालू मालमत्तेच्या चार ओळी C5 ते C8 मध्ये आणि छापील बेरीज C9 मध्ये असेल, तर तपासणीची सूत्रे अशी:

```
=SUM(C5:C8)-C9
=COUNT(C5:C8)
```

पहिल्याचे उत्तर शून्य आणि दुसऱ्याचे चार यायला हवे. दुसरे सूत्र अनावश्यक वाटेल, पण ते हवेच. यंत्राने ३१० मधल्या शून्याऐवजी इंग्रजी अक्षर ओ वाचले, तर त्या घरात संख्या नसून मजकूर असतो. SUM अशा घराकडे तक्रार न करता दुर्लक्ष करते. COUNT मात्र तीन दाखवते आणि चोर सापडतो.

फरक शून्य आला नाही, तर सगळे आकडे पुन्हा वाचत सुटू नका. फरकाची रक्कमच बरेच काही सांगते.

समजा व्यापारी येणी १,८९० ऐवजी १,३९० अशी उतरली. बेरीज ४,१०० येईल आणि फरक बरोबर ५०० असेल. फरकात एकच अंक आणि पुढे शून्ये असतील, तर कुठल्यातरी आकड्यातला एक अंक चुकीचा वाचला गेला आहे असे समजा. इथे तो शतकाच्या जागी आहे आणि पाचने चुकला आहे. पुसट फोटोत ३ आणि ८ एकमेकांसारखे दिसतात, त्यांच्यातले अंतर पाचच आहे. म्हणजे शतकाच्या जागी ३ किंवा ८ असलेल्या ओळीच फक्त पाहायच्या.

फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झाल्याची दाट शक्यता असते. व्यापारी देणी १,६२० ऐवजी १,२६० लिहिली तर फरक ३६० येतो, आणि ३६० ला ९ ने भागल्यावर ४० येतात. हिशेबनीस ही खूण फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. ती हमी मात्र नव्हे, कारण दुसऱ्या कारणाने आलेल्या फरकालाही योगायोगाने ९ ने भाग जाऊ शकतो.

फरक एखाद्या आकड्याच्या नेमका दुप्पट असेल, तर चिन्ह चुकले आहे. साठ्यातील बदलाचा कंस फोटोत दिसला नाही आणि २४० धन म्हणून उतरले, तर एकूण खर्च ११,९०० ऐवजी १२,३८० येतो. फरक ४८०, त्याचा निम्मा २४०. नफातोटा पत्रकात ही चूक फार होते, कारण कंसाची बारीक रेघ फोटोत सगळ्यात आधी पुसते.

चौथी खूण दोन्ही रकाने एकत्र पाहिले तरच दिसते. एका ओळीत चालू आणि मागील वर्षाचे आकडे अदलाबदल झाले, तर एका वर्षाची बेरीज जितकी कमी पडते तितकीच दुसऱ्या वर्षाची जास्त येते. इतर चालू देण्यांचे ४८० आणि ४०० उलटे लिहिले, तर चालू वर्षात ८० कमी आणि मागील वर्षात ८० जास्त. म्हणून मागील वर्षाचा रकाना गुणोत्तरासाठी लागणार नसेल तरी उतरवाच.

## बेरजेच्या हाती न लागणारी चूक

सगळ्या बेरजा जुळल्या तरी एका प्रकारची चूक आत राहू शकते. एकाच गटातल्या दोन ओळींचे आकडे एकमेकांच्या जागी गेले, तर बेरीज जशीच्या तशी राहते. मालसाठ्यासमोर १,८९० आणि येण्यांसमोर २,१६० लिहिले गेले, तरी चालू मालमत्ता ४,६०० च. करंट रेशो बरोबर येतो, पण क्विक रेशो ०.६५ ऐवजी ०.७३ येतो आणि येण्या-साठ्यांचे सगळे दिवस बिघडतात.

हे घडते ते मुख्यतः ओळीचे नाव लांब असल्यामुळे. नाव दोन ओळींत मोडते, आकडा खालच्या ओळीसमोर छापलेला असतो, आणि फोटो थोडा तिरका असला की नजर एक ओळ घसरते. त्यावर उपाय साधा आहे. फोटो आडवा सरळ करून घ्या, पडद्यावर कागदाची कड धरून एकेक ओळ वाचा, आणि नावे किती व आकडे किती हे मोजा. टिपांचे पान असेल तर तिथली बेरीज ताळेबंदातल्या ओळीशी जुळवा, म्हणजे शंकेला जागाच उरत नाही.

दोन्ही पत्रकांना जोडणारा एक धागाही तपासून घ्या. मागील वर्षाचा राखीव निधी १,९३०, त्यात या वर्षाचा करोत्तर नफा ५७० मिळवला की २,५०० होतात. ताळेबंदात मात्र २,३५० आहेत. म्हणजे १५० कुठेतरी गेले, बहुधा लाभांश म्हणून. लाभांशाचा उल्लेख टिपांमध्ये किंवा भागधारकांच्या निधीतील बदलांच्या पत्रकात सापडला तर दोन्ही फोटो एकाच संचातले आहेत अशी खात्री पटते. नाहीच सापडला तर १५० चा फरक तक्त्याखाली नोंदवा. तो लपवून पुढे जाऊ नका.

## सूत्र लिहिण्याआधी काय कशात मोजायचे ते ठरवा

आता सुरुवातीच्या तीन उत्तरांकडे येऊ. भागभांडवल २,००० आणि राखीव निधी २,३५० मिळून भागधारकांचा निधी ४,३५० होतो. दीर्घ मुदतीचे कर्ज १,८५० भागिले हा ४,३५० म्हणजे ०.४३. त्यात अल्प मुदतीचे १,३०० मिळवले की ३,१५० भागिले ४,३५०, म्हणजे ०.७२. स्थगित कर आणि सगळी चालू देणी धरली की ५,४५० भागिले ४,३५०, म्हणजे १.२५.

मी मधले घेतो. दीर्घ मुदतीच्या कर्जाचा येत्या बारा महिन्यांत फेडायचा हप्ता बऱ्याच ताळेबंदांत चालू देण्यांकडे दाखवलेला असतो. फक्त दीर्घ मुदतीचे कर्ज मोजले तर तो हप्ता हिशेबातून गळतो, आणि जितकी परतफेड जवळ येते तितके कर्ज कमी दिसते. आपल्या उदाहरणात हे नीट दिसते. दीर्घ मुदतीचे कर्ज २,०५० वरून १,८५० वर आले, पण अल्प मुदतीचे ९०० वरून १,३०० वर गेले. एकूण कर्ज २०० ने वाढले आहे. पहिल्या सूत्राने पाहणाऱ्याला कंपनी झपाट्याने कर्ज फेडते आहे असे वाटेल. व्यापारी देण्यांवर सहसा व्याज नसते, म्हणून ती मी कर्जात धरत नाही. तुम्ही वेगळे ठरवले तरी हरकत नाही, फक्त तक्त्यात ते शब्दांत लिहा.

असाच निर्णय आणखी तीन ठिकाणी घ्यावा लागतो.

क्विक रेशोत चालू मालमत्तेतून मालसाठा सगळेच वजा करतात. इतर चालू मालमत्तेत आगाऊ भरलेले खर्च असतात, त्यांचे पुन्हा पैसे होत नाहीत. म्हणून तीही वजा केली, तर ०.७२ चे ०.६५ होतात. मी वजा करतो.

व्याज आणि कर भरण्याआधीच्या नफ्यात इतर उत्पन्न धरायचे का? करपूर्व नफा ७६० आणि वित्तीय खर्च ३३० मिळून १,०९० होतात. त्यातले ६० ठेवींवरच्या व्याजासारख्या मार्गाने आलेले आहेत, धंद्यातून नव्हेत. परिचालन नफा म्हणताना ते काढून १,०३० घेतो, आणि व्याज झेपण्याच्या गुणोत्तरातही तोच आकडा ठेवतो. एकाच तक्त्यात एकाच नावाचा नफा दोन जागी दोन वेगळ्या रकमांचा असू नये.

तिसरा निर्णय ढोबळ नफ्याचा. खर्च प्रकारानुसार मांडलेले असले, म्हणजे साहित्य, कर्मचारी, घसारा अशा ओळी असल्या, की कारखान्यातली मजुरी आणि कार्यालयातले पगार एकाच कर्मचारी खर्चात मिसळलेले असतात. विकलेल्या मालाचा खरा उत्पादन खर्च अशा पत्रकातून निघत नाही. वापरलेल्या साहित्याच्या ८,४३० मधून साठ्यातील बदलाचे २४० वजा केले की साहित्याचा निव्वळ खर्च ८,१९० येतो. तो विक्रीतून वजा करून ३५ टक्के काढता येतात, पण त्याला ढोबळ नफ्याचे मार्जिन म्हणू नका. साहित्यखर्चानंतरचे मार्जिन म्हणा. ज्यांचे खर्च कार्यानुसार मांडलेले असतात अशा कंपनीच्या ढोबळ मार्जिनशी त्याची तुलना करणे चूक ठरेल.

## सरासरी कुठे आणि का

विक्री आणि नफा वर्षभर साठत जातात, ताळेबंद मात्र एका दिवसाचा असतो. म्हणून ज्या गुणोत्तरात एक आकडा नफातोट्यातला आणि दुसरा ताळेबंदातला आहे, तिथे ताळेबंदाची बाजू सुरुवात आणि अखेर यांच्या सरासरीने घ्यावी. भागधारकांच्या निधीवरील परतावा सरासरी ४,१४० वर १३.८ टक्के येतो, तर अखेरच्या ४,३५० वर १३.१ टक्के. येणी वसुलीचे दिवस सरासरीने ५०, अखेरच्या शिलकीने ५५.

भागधारकांचा निधी C15 आणि D15 मध्ये, करोत्तर नफा C40 मध्ये असेल तर:

```
=C40/AVERAGE(C15,D15)
```

इथे एक मोह होतो. मागील वर्षाची सरासरी काढायला त्याच्याही आधीच्या वर्षाचा ताळेबंद लागतो आणि तो फोटोत नसतो. मग लोक चालू वर्षाला सरासरी आणि मागील वर्षाला अखेरची शिल्लक वापरतात, म्हणजे रकाना रिकामा दिसत नाही. दोन वेगळी सूत्रे शेजारीशेजारी ठेवून केलेली ती तुलना फसवी असते. कंपनी वाढत असेल तर अखेरची शिल्लक सरासरीपेक्षा मोठी असते, त्यामुळे मागील वर्षाचा परतावा विनाकारण कमी दिसतो. त्या जागी सरळ रेघ मारा. किंवा दोन्ही वर्षांना अखेरची शिल्लक वापरा आणि सूत्रात तसे लिहा.

## खरेदीचा आकडा नसताना

देणी फेडण्याच्या दिवसांसाठी भाजकात वर्षाची खरेदी हवी. प्रकारानुसार मांडलेल्या पत्रकात खरेदी नसते, वापरलेले साहित्य असते. पण फोटोतले आकडे जोडून ती अंदाजे काढता येते. एकूण मालसाठा १,७४० वरून २,१६० झाला, म्हणजे ४२० ने वाढला. त्यातली २४० ची वाढ तयार व अर्धवट मालाची आहे, हे नफातोटा पत्रकानेच सांगितले. उरलेले १८० कच्च्या मालाचे आणि सुट्या सामानाचे. वापरलेले साहित्य ८,४३० अधिक १८० म्हणजे खरेदी साधारण ८,६१०.

सरासरी व्यापारी देणी १,५०० धरली की ६४ दिवस येतात. तक्त्यात या खरेदीसमोर अंदाजे असे लिहा, कारण व्यापारी देण्यांत साहित्याव्यतिरिक्त सेवांची देणीही असू शकतात.

याच हिशेबाचा एक आडफायदा आहे. मघाशी म्हटल्याप्रमाणे साठा आणि येणी यांची अदलाबदल झाली असती, तर साठ्याची वाढ १५० च दिसली असती आणि कच्चा माल ९० ने घटला असे निघाले असते. तसे घडू शकते, पण विक्री साडेबारा टक्के वाढलेली असताना ते खटकायला हवे, आणि खटकले की फोटो पुन्हा पाहायचा.

## तक्ता

आता तक्ता मांडा. सूत्र आणि घातलेले आकडे यांचे रकाने वेगळे ठेवा. सूत्राचा रकाना पद्धत सांगतो, आकड्यांचा रकाना कुणालाही कॅल्क्युलेटर घेऊन तपासू देतो. गोल आकडे शेवटच्या उत्तरातच करा, मधल्या पायरीत नको.

| गुणोत्तर | सूत्र | घातलेले आकडे (चालू वर्ष) | चालू | मागील |
|---|---|---|---:|---:|
| करंट रेशो | चालू मालमत्ता ÷ चालू देणी | ४,६०० ÷ ३,४०० | १.३५ | १.४७ |
| क्विक रेशो | (चालू मालमत्ता − मालसाठा − इतर चालू मालमत्ता) ÷ चालू देणी | २,२०० ÷ ३,४०० | ०.६५ | ०.७४ |
| डेट-इक्विटी रेशो | (दीर्घ मुदतीचे कर्ज + अल्प मुदतीचे कर्ज) ÷ भागधारकांचा निधी | ३,१५० ÷ ४,३५० | ०.७२ | ०.७५ |
| व्याज झेपण्याचे गुणोत्तर | (करपूर्व नफा + वित्तीय खर्च − इतर उत्पन्न) ÷ वित्तीय खर्च | १,०३० ÷ ३३० | ३.१२ पट | ३.३१ पट |
| साहित्यखर्चानंतरचे मार्जिन | (विक्री − साहित्याचा निव्वळ खर्च) ÷ विक्री × १०० | ४,४१० ÷ १२,६०० | ३५.०% | ३६.०% |
| परिचालन नफ्याचे मार्जिन | (करपूर्व नफा + वित्तीय खर्च − इतर उत्पन्न) ÷ विक्री × १०० | १,०३० ÷ १२,६०० | ८.२% | ८.६% |
| निव्वळ नफ्याचे मार्जिन | करोत्तर नफा ÷ विक्री × १०० | ५७० ÷ १२,६०० | ४.५% | ४.८% |
| भागधारकांच्या निधीवरील परतावा | करोत्तर नफा ÷ सरासरी भागधारकांचा निधी × १०० | ५७० ÷ ४,१४० | १३.८% | – |
| मालसाठ्याचे दिवस | सरासरी मालसाठा ÷ साहित्याचा निव्वळ खर्च × ३६५ | १,९५० ÷ ८,१९० × ३६५ | ८७ | – |
| येणी वसुलीचे दिवस | सरासरी व्यापारी येणी ÷ विक्री × ३६५ | १,७१० ÷ १२,६०० × ३६५ | ५० | – |
| देणी फेडण्याचे दिवस | सरासरी व्यापारी देणी ÷ अंदाजे खरेदी × ३६५ | १,५०० ÷ ८,६१० × ३६५ | ६४ | – |

मालसाठ्याच्या ८७ दिवसांकडे जरा सावधपणे पाहा. तयार मालाच्या किमतीत मजुरी आणि कारखान्याचे खर्चही मिसळलेले असतात, पण भाजकात आपण फक्त साहित्य घेतले आहे. त्यामुळे दिवस खऱ्यापेक्षा काहीसे जास्त येतात. काही जण भाजकात विक्री घालतात. मग हेच दिवस ५६ वर येतात, आणि विक्रीत नफा मिसळलेला असल्यामुळे ते कमी दिसतात. खरे दिवस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार.

डेट-इक्विटी ०.७५ वरून ०.७२ वर आला म्हणून कर्ज कमी झाले असेही वाचू नये. कर्ज वाढलेच आहे, नफा राखून ठेवल्याने निधी त्याहून वेगाने वाढला. करंट रेशो का घसरला हे कळायला गुणोत्तरांपेक्षा मूळ ओळी जास्त उपयोगी पडतात. विक्री साडेबारा टक्के वाढली, पण साठा आणि येणी दोन्ही २३ ते २४ टक्के वाढली. त्यांना लागलेला पैसा बराचसा अल्प मुदतीच्या कर्जातून आणि व्यापारी देण्यांतून आला, आणि रोख शिल्लक १५० ने घटली.

## तक्त्याखाली काय लिहायचे

तक्त्याच्या खाली मथळ्यातल्या चार गोष्टी, लेखापरीक्षण झालेले आहे की नाही, प्रत्येक आकडा कोणत्या फोटोतून घेतला ते, आणि पुसट असल्यामुळे बेरजेवरून ठरवलेला एखादा आकडा असेल तर त्याचा स्पष्ट उल्लेख करा. बेरजेवरून आकडा भरता येतो, पण गटात एकच आकडा अस्पष्ट असेल तरच. दोन असतील तर पुन्हा फोटो मागवण्याला पर्याय नाही.

जे निघत नाही तेही नोंदवा. कर्जाचे हप्ते आणि व्याज फेडण्याइतकी कमाई आहे का, हे सांगणाऱ्या गुणोत्तराला वर्षभरात फेडलेल्या मुद्दलाची रक्कम लागते. दोन ताळेबंदांतल्या कर्जाची वजाबाकी करून ती मिळत नाही, कारण जुने कर्ज फेडून त्याच वर्षी नवे घेतलेले असू शकते. ती रक्कम रोख प्रवाह पत्रकात असते. त्या पानाचा फोटो येईपर्यंत त्या गुणोत्तराची ओळ तक्त्यात ठेवा, सूत्र लिहा, आणि उत्तराच्या जागी ‘रोख प्रवाह पत्रक हवे’ असे लिहा.